बिलाचा तिसरा वाचक

गडहिंग्लजमध्ये नव्यानेच इलेक्ट्रिकचं दुकान थाटलेल्या एका तरुणाने एका संध्याकाळी माझ्या टेबलावर बिलबुक आपटलं. "साहेब, यात काय चुकलंय ते दाखवा. कॉन्ट्रॅक्टर तीन हजार सहाशे रुपये कापून घेतोय."

मी बिल पाहिलं. वर गणपती, खाली 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही', मध्ये दुकानाचं नाव दोन रंगांत. वायर, पंखे, स्विच, सगळा माल नीट लिहिलेला. सूट दाखवलेली, कर लावलेला, बेरीज बरोबर. बिल २३,६०० रुपयांचं होतं आणि कॉन्ट्रॅक्टरने २०,००० देऊन हिशेब मिटला म्हणून सांगितलं होतं. कापलेली रक्कम कराएवढी होती, एक रुपया कमी नाही की जास्त नाही. बिलावर 'श्री.' या छापील अक्षरांपुढे फक्त आडनाव होतं आणि त्यापुढे 'साहेब'. कॉन्ट्रॅक्टरचा जीएसटी नंबर कुठेच नव्हता.

ही पुस्तिका त्या न लिहिलेल्या नंबरामुळे लिहिली गेली. नवा दुकानदार बिल लिहितो ते समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी, असं त्याला वाटत असतं. गिऱ्हाईक ओळखीचं असतं, माल त्याने डोळ्यांनी पाहिलेला असतो, भाव तोंडी ठरलेला असतो. मग कागदावर काय बारकाईने लिहायचं? पण ते बिल समोरचा माणूस फारसं वाचत नाही. घडी घालून खिशात टाकतो. ते खरं वाचलं जातं महिन्याभराने, दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर. गिऱ्हाइकाचा अकाउंटंट ते वाचतो, जीएसटीच्या पोर्टलवरची नोंद त्याच्याशी ताडून पाहतो, आणि क्वचित एखादा अधिकारीही वाचतो. यांपैकी कुणीही दुकानात आलेलं नसतं. 'साहेब' म्हणजे कोण, हे त्यांना कसं कळणार?

आता त्या तीन हजार सहाशेंचं काय झालं ते पाहू. कॉन्ट्रॅक्टर स्वतः जीएसटीत नोंदणी केलेला. आपण विकत घेतलेल्या मालावर भरलेला कर तो आपल्या देण्यातून वजा करतो. बाजारात याला 'क्रेडिट घेणं' म्हणतात. त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. हातात रीतसर बिल हवं, आणि विकणाऱ्याने ते बिल आपल्या विवरणपत्रात घेणाऱ्याच्या नंबरावर दाखवलेलं हवं. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या दुकानदाराने मागच्या महिन्याची विक्री ११ तारखेपर्यंत भरायची, आणि १४ तारखेला खरेदीदाराला पोर्टलवर त्याच्या नावावर आलेल्या बिलांची यादी दिसते. आमच्या या दुकानदाराच्या बिलावर नंबरच नव्हता, म्हणून त्याच्या मुनिमाने ते बिल किरकोळ गिऱ्हाइकांच्या ठोक रकमेत टाकलं. सरकारला कर पोचला. पण कॉन्ट्रॅक्टरच्या यादीत काहीच उगवलं नाही. त्याच्या दृष्टीने ३,६०० रुपये बुडाले. त्याने ते दुकानदाराच्या पैशातून वसूल केले. म्हणजे दुकानदाराने तो कर एकदा सरकारला भरला आणि वर पुन्हा गिऱ्हाइकालाही दिला.

दुरुस्ती झाली. नंबरासह दुरुस्त बिल करून दिलं, पुढच्या विवरणपत्रात किरकोळ विक्रीतून ती रक्कम वजा केली आणि तेच बिल कॉन्ट्रॅक्टरच्या नंबरावर दाखवलं. अशा दुरुस्त्यांना मुदत असते: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंत. पैसे परत मिळाले. फक्त त्याला अडीच महिने लागले आणि एक चांगलं गिऱ्हाईक नाराज झालं.

बिलावर काय काय असावं हे केंद्रीय वस्तू व सेवा कर नियम, २०१७ मधल्या नियम ४६ मध्ये लिहिलेलं आहे. नियम वाचायला बसलं की कलमांची रांगच लागते आणि नवा माणूस दबकतो. पण त्याच नियमांत जरा आधी, नियम ३६ मध्ये, एक सवलत दडलेली आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. बिलावर सगळे तपशील नसले तरी एवढे असतील तर खरेदीदाराला क्रेडिट घेता येईल, असं तिथे म्हटलं आहे: कराची रक्कम, मालाचं वर्णन, एकूण किंमत, विकणारा आणि घेणारा या दोघांचे जीएसटी नंबर, आणि माल दुसऱ्या राज्यात जात असेल तर पुरवठ्याचं ठिकाण. म्हणजे हाडं कुठली आणि कातडी कुठली, हे कायद्याने स्वतःच सांगून टाकलं आहे. याचा अर्थ बाकीचं गाळायला मोकळीक आहे असा मात्र नाही. ही सवलत घेणाऱ्याला आहे, लिहिणाऱ्याला नाही. पण आधी काय पक्कं करायचं, हे त्यावरून कळतं.

त्याआधी एक दार ओलांडायला हवं. करासहित बिल, ज्याला कायदा 'टॅक्स इन्व्हॉइस' म्हणतो, ते प्रत्येक दुकानदाराने द्यायचं नसतं. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणीच लागत नाही. अशा दुकानदाराने साधं बिल द्यावं आणि त्यावर कराची ओळ चुकूनही लिहू नये. नोंदणी नसताना कर गोळा करायला कायद्याने मनाई आहे. कंपोझिशन योजनेत गेलेल्याकडे जीएसटी नंबर असतो, तरीही तो गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही. त्याने 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचं आणि त्याच्या माथ्यावर, आपण कंपोझिशनमधले करदाते असून कर गोळा करायला पात्र नाही, असं छापायचं. नेहमीच्या पद्धतीने नोंदणी केलेल्यानेच टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं. शेजारच्या दुकानाचं बिलबुक नेऊन प्रेसवाल्याला 'असंच छाप' म्हणणारे मी पाहिले आहेत. शेजारी कंपोझिशनमध्ये आहे की नाही, हे त्यांनी विचारलेलं नसतं.

आता तेच बिल, जसं असायला हवं होतं तसं, ओळीओळीने पाहू.

माथ्यावर दुकानाचं नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर. नाव नोंदणीच्या दाखल्यावर आहे तेच. पाटीवर एक, दाखल्यावर दुसरं, असं असेल तर दोन्ही लिहावीत. नंबर पंधरा अक्षरांचा असतो आणि तो वाचता आला तर निम्म्या चुका जागीच सापडतात. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. त्यानंतर त्याच पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगणारं एक अक्षर, मग बहुतेक वेळा Z, आणि शेवटी तपासणीचं एक अक्षर. पॅनची ठेवण ठरलेली असल्यामुळे तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत इंग्रजी अक्षरंच येतात, आठव्यापासून अकराव्यापर्यंत आकडेच, आणि बारावं पुन्हा अक्षर. तेव्हा फोनवर ऐकून लिहिलेल्या नंबरात नवव्या जागी O दिसला तर तो शून्यच आहे, आणि पाचव्या जागी 5 दिसला तर तो बहुधा S. तरीही नंबर लिहून घेतल्यावर पोर्टलवरच्या Search Taxpayer मध्ये टाकून पाहावा. तिथे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, दोन्ही दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. नंबर बरोबर असतो पण गिऱ्हाइकाच्या भावाच्या फर्मचा असतो, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त घडतो.

बिलाचा क्रमांक ही दिसायला क्षुल्लक जागा. नियम असा की क्रमांक ओळीने यावेत, एका आर्थिक वर्षात एक क्रमांक पुन्हा येऊ नये आणि तो सोळा अक्षरांच्या आत असावा. त्यात अक्षरं, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं. SE/25-26/0147 ही तेरा अक्षरं झाली, बसतं. दुकानाचं पूर्ण नाव क्रमांकात घालायची हौस असेल तर ती इथे फिटत नाही. दोन बिलबुकं एकदम वापरायची असतील, एक काउंटरचं आणि एक कॉन्ट्रॅक्टरांचं, तर दोघांना वेगळी आद्याक्षरं द्यावीत. वेगवेगळ्या मालिका चालतात. अडचण रद्द झालेल्या बिलाची होते. बिल चुकलं की फाडून टोपलीत टाकायची आपल्याला सवय. पण विवरणपत्रात कुठल्या क्रमांकापासून कुठपर्यंत बिलं फाडली आणि त्यांतली किती रद्द केली, हे विचारलेलं असतं. ०१४६ नंतर ०१४८ आलं आणि मधल्याचा पत्ताच नाही, तर विकून लपवलं का, हा प्रश्न कुणालाही पडेल. म्हणून चुकलेल्या बिलावर दोन तिरक्या रेघा मारून 'रद्द' लिहायचं आणि सगळ्या प्रती बुकातच ठेवायच्या.

तारीख माल दुकानाबाहेर पडतानाची किंवा त्याआधीची. उधारीवाल्यांचं बिल महिनाअखेरीला एकदम करायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण ती या कायद्यात बसत नाही. मालावरचा कर बिलाच्या महिन्याला लागतो, पैसे आल्याच्या महिन्याला नाही. कॉन्ट्रॅक्टर दोन महिन्यांनी पैसे देणार असला तरी त्याचे ३,६०० दुकानदाराला पुढच्या महिन्यात आपल्या खिशातून भरावेच लागतात. उधारी देताना हा हिशेब डोक्यात हवा.

मग माल. आमच्या बिलात वायरच्या ६ कॉइल प्रत्येकी २,००० रुपयांच्या, ४ पंखे १,८०० रुपयांचे आणि ४० स्विच ३० रुपयांचे. प्रत्येकाला आपली ओळ. 'इलेक्ट्रिक सामान, २०,४००' अशी एकच ओळ लिहिली की वर्णन आहे असं म्हणताच येत नाही. नगाचं एककही लिहावं: कॉइल म्हणजे नव्वद मीटरची की शंभर, हे वर्षाने कुणालाही आठवणार नाही. प्रत्येक ओळीपुढे मालाचा एचएसएन कोड. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्याने नोंदणीकृत गिऱ्हाइकाच्या बिलावर चार आकडे लिहिले की पुरे: वायर ८५४४, पंखा ८४१४, स्विच ८५३६. हे कोड पाठ करायची गरज नाही. घाऊक व्यापाऱ्याकडून तुम्हाला जे बिल येतं त्यावर ते असतात. त्यावरून एकदा आपल्या मालाची यादी करून गल्ल्याशेजारी चिकटवावी. कोड आणि कराचा दर एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून दर बदलले की ही यादीही पाहायची. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा जुनेच दर लावून बिलं करत राहिलेले काही जण माझ्याकडे आले होते.

आता आकड्यांपाशी थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त भानगडी इथे होतात. मालाची किंमत झाली १२,०००, ७,२०० आणि १,२०० मिळून २०,४०० रुपये. दुकानदाराने पंख्यांवर प्रत्येकी १०० रुपये सूट दिली, म्हणजे ४००. ही सूट कर लावायच्या आधी, पंख्याच्याच ओळीत वजा करायची. पंखे झाले ६,८००, करपात्र किंमत २०,०००. त्यावर १८ टक्के म्हणजे ३,६००. ते १,८०० केंद्राचा आणि १,८०० राज्याचा असे दोन ओळींत दाखवायचे. एकूण २३,६००. पण आपल्याकडे सूट शेवटी द्यायची रीत आहे. सगळी बेरीज झाली की मालक पेन उचलतो आणि खाली 'सूट ४००' लिहून मोकळा होतो. तसं केलं असतं तर कर २०,४०० वर लागला असता, ३,६७२. एकूण २४,०७२, त्यातून ४०० गेले, गिऱ्हाइकाने दिले २३,६७२. सूट तीच, पण गिऱ्हाइकाच्या खिशातून ७२ रुपये जास्त गेले आणि ते दुकानदारालाही मिळाले नाहीत. गाडीभाडं बिलात लावायचं असेल तर तेही कराच्या आधीच धरायचं. शेवटी 'टेम्पो ५००' असं जोडून कर चुकवता येत नाही.

दुसरी भानगड काउंटरवरच्या विक्रीची. किरकोळ गिऱ्हाइकाला भाव करासकट सांगितलेला असतो. पंखा २,१२४ ला दिला, तर त्यात कर किती? बहुतेक जण २,१२४ चे १८ टक्के काढतात आणि ३८२ रुपये ३२ पैसे लिहितात. हे चूक. २,१२४ ही रक्कम ११८ भागांची आहे, शंभराची नव्हे. तिला ११८ ने भागून १०० ने गुणलं की मूळ किंमत १,८०० येते आणि कर ३२४. मूळ किंमत १,८०० आणि कर ३२४ मिळून पुन्हा २,१२४ होतात की नाही हे पाहिलं की चूक लगेच कळते.

किरकोळ गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता दर वेळी लिहावा लागत नाही. त्याची नोंदणी नसेल आणि बिल ५० हजारांच्या आत असेल तर त्याने मागितल्यासच लिहायचं. ५० हजार किंवा त्यावर गेलं की नाव, पत्ता, माल पोचवायचा पत्ता, राज्य आणि त्याचा कोड लिहावाच लागतो. दोनशे रुपयांच्या आतल्या खरेदीवर नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने बिल मागितलं नाही तर वेगळं बिल न करता दिवसाअखेर सगळ्यांचं मिळून एक बिल फाडता येतं. दोन स्विच आणि एक होल्डर विकणाऱ्या दुकानाला ही केवढी सोय आहे.

राहिलं पुरवठ्याचं ठिकाण. गडहिंग्लजसारख्या गावात या ओळीला वजन आहे, कारण निपाणी-संकेश्वरचं गिऱ्हाईक रोज येतं आणि तिकडे कर्नाटक लागतं. समजा तोच माल निपाणीच्या नोंदणीकृत कॉन्ट्रॅक्टरने मागवला आणि दुकानदाराने टेम्पोने तिथे पोचवला. माल जिथे पोचला ते पुरवठ्याचं ठिकाण, म्हणून बिलावर 'कर्नाटक, २९' लिहायचं आणि कराच्या दोन ओळींऐवजी एकच ओळ येणार: आयजीएसटी ३,६००. रक्कम तीच राहते, मात्र ती जाते वेगळ्या खात्यात. चुकून १,८०० आणि १,८०० लावले तर योग्य खात्यात ३,६०० नव्याने भरावे लागतात आणि चुकीचे भरलेले परत मागायला वेगळा अर्ज करावा लागतो. व्याज लागत नाही, हीच त्यातली मेहेरबानी.

गंमत नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अशा गिऱ्हाइकाचा जो पत्ता बिलावर लिहिला जाईल तेच पुरवठ्याचं ठिकाण. पत्ता लिहिलाच नाही तर दुकानाचं. निपाणीच्या बाईंनी काउंटरवरून एक पंखा घेतला आणि बिलावर नुसतं नाव लिहिलं, तर कर महाराष्ट्रातला. त्यांनी 'पत्ता पण लिहा हो' म्हटलं आणि तुम्ही निपाणी, कर्नाटक लिहिलं, तर त्याच पंख्यावर आयजीएसटी. पंखा तोच, भाव तोच, उभं राहायची जागाही तीच. पत्त्याच्या एका ओळीने कराचं खातं बदललं. काउंटरवर बसणाऱ्या पोराला हे सांगून ठेवलेलं बरं.

तळाशी दोन गोष्टी उरतात. कर रिव्हर्स चार्जने, म्हणजे घेणाऱ्याने भरायचा आहे का, याची एक ओळ असते. इलेक्ट्रिकच्या दुकानात तिथे नेहमी 'नाही' येतं, तेव्हा ते छापूनच घ्यावं. आणि सही. हाताने लिहिलेल्या बिलावर मालकाची किंवा त्याने नेमलेल्या माणसाची सही लागते. क्यूआर कोडवालं ई-इन्व्हॉइस पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांसाठी आहे. छोट्या दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याच्या बिलावर तो चौकोन पाहून घाबरू नये.

त्या तरुणाने नंतर नवं बिलबुक छापायला टाकलं आणि प्रूफ मला दाखवायला आणलं. गणपती होता, दोन रंग होते. गिऱ्हाइकाच्या नावाखाली आता पंधरा चौकोन आखलेले होते, एकेका अक्षराला एक, आणि पहिल्या दोन चौकोनांत प्रेसवाल्याने आपल्या अकलेने २७ छापून टाकलं होतं. मी निपाणीची आठवण करून दिली. ते दोन चौकोन रिकामे ठेवायला सांगून तो प्रूफ घेऊन गेला.